फडक्यावरचं पिवळं

धानोरा तालुक्यात आणि पुढे सिंदेवाही-मूलच्या पट्ट्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे, पण आशाताईंच्या प्रशिक्षणाला अजून जाते. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं गाऱ्हाणं बहुतेक वेळा आजीकडून यायचं: "बाई, पोरगं सारखं हागते जी. पातय पातय, पिवयं. मायचं दूध पचत नाई याले." या एका वाक्यापायी किती बाळांचं अंगावरचं दूध तुटलं असेल, याचा विचार मला अजून बेचैन करतो. म्हणून या कामात जे शिकले, ते इथे सांगते.

१. पहिल्या पाच दिवसांत शीचा रंग ठरलेल्या वाटेनं बदलतो

बाळाची पहिली शी काळी-हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पोटात असताना गिळलेलं गर्भजल, आतड्याच्या आतल्या झडलेल्या पेशी आणि पित्त यांची ती बनलेली असते. बहुतेक बाळं ती पहिल्या चोवीस तासांत करतात. दोन दिवस उलटूनही ती झालीच नाही, तर आतड्यात काही अडथळा असू शकतो आणि बाळाला दवाखान्यात दाखवावंच लागतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट-तपकिरी होतो. आईच्या अंगावर दूध भरून येऊ लागलं आणि बाळ नीट ओढू लागलं, की चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत शी पिवळी होते. हळद जास्त पडलेलं पातळ वरण आणि त्यात दह्याच्या बारीक कण्या, असं तिचं रूप. वास आंबूस, पण घाण नाही.

आशाताईंना मी हे दिवसांच्या क्रमानं पाठ करायला लावते, कारण या क्रमातून दूध पोटात जातंय की नाही हे समजतं. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, किंवा पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसातून एखाददोन वेळाच शी करत असेल, तर मला काळजी वाटते. घरच्यांना मात्र अशा बाळाचं कौतुक वाटतं. "शांत आहे, त्रास देत नाही," असं म्हणतात. अशा बाळाचं वजन लगेच करायचं आणि ते छातीला नीट लागतंय का हे बसून बघायचं.

२. दूध पचत नाही म्हणून शी पातळ होते, असं नाही

आजीच्या शंकेचं उत्तर दुधाच्या घडणीत आहे. आईच्या दुधात पाणी सुमारे ८८ टक्के. प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा कमी, आणि त्यांची जातही वेगळी. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन पोटात घट्ट चोथा धरतं. आईच्या दुधात त्याचं प्रमाण साधारण ४० टक्केच असतं. त्यामुळे कण्या मऊ आणि बारीक पडतात, पोट लवकर रिकामं होतं आणि बाळ पुन्हा लवकर प्यायला मागतं. हे दूध चांगलं पचतं म्हणूनच मागे घट्ट असं फार उरत नाही.

दुसरी गोष्ट साखरेची. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त. त्यातली थोडी लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोचते. शिवाय या दुधात साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात, शंभराहून अधिक प्रकारच्या. बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या चांगल्या जंतूंचं अन्न आहेत. हे जंतू त्या खाऊन आम्ल तयार करतात. आतड्यात आंबटपणा राहिला की रोगाच्या जंतूंना तिथे वाढणं अवघड जातं. शीला आंबूस वास येतो तो याच आम्लामुळे. न पचलेली साखर थोडं पाणीही धरून ठेवते, म्हणून शी पातळ राहते.

पिवळा रंग पित्ताचा. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचं रूप बदलतात, म्हणून आपली शी तपकिरी होते. अंगावर पिणाऱ्या लहान बाळाच्या आतड्यात ते जंतू अजून पुरेसे नसतात, त्यामुळे पिवळं ते पिवळंच राहतं. हेच रंगद्रव्य रक्तात साठलं की कावीळ दिसते. ते शरीराबाहेर जायची मुख्य वाट शीचीच आहे. काळी शी आतड्यात रेंगाळली तर रंगद्रव्य पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात वारंवार पिणारं आणि वारंवार शी करणारं बाळ कावीळही लवकर बाहेर टाकतं. डोळे पिवळसर दिसणाऱ्या बाळाची शी थांबवायला औषध देणं म्हणजे रंगद्रव्याची बाहेर जायची वाट बंद करणं.

आणि दर पाजणीला शी का? पोटात दूध पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा जातो. हा इशारा सगळ्यांनाच मिळतो. मोठी माणसं तो दाबतात, बाळ दाबत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा पिणाऱ्या बाळानं आठ-दहा वेळा लंगोट भरावा यात नवल नाही.

३. किती वेळा, यापेक्षा काय बदललं ते विचारायचं

दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी म्हणजे हगवण, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आपल्याकडे सगळीकडे शिकवली जाते. पण त्याच संघटनेनं सोबत स्पष्ट म्हटलं आहे की अंगावर पिणाऱ्या बाळाची सैल, मऊसर शी हगवणीत धरायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आम्हाला शिकवलेली कसोटीही तीच आहे: नेहमीची पद्धत बदलली का, आणि शीत मळापेक्षा पाणी जास्त आहे का?

पण हे दुसरं वाक्य गावापर्यंत पोचत नाही. भिंतीवरच्या पत्रकावर 'तीन वेळा' छापलेलं असतं. आजी मोजते आणि घाबरते.

म्हणून माझा पहिला प्रश्न कधीच 'किती वेळा?' असा नसतो. मी विचारते, "काल-परवा कशी होती? आज काय वेगळं आहे?" जन्मल्यापासून दिवसाला नऊ वेळा करणाऱ्या बाळानं आज नऊ वेळा केली, तर काहीच बदललं नाही. तीन वेळा करणाऱ्या बाळानं आज सकाळपासून सात वेळा पाण्यासारखी केली, तर मात्र बदललं आहे.

४. फडकं टाकू नका, दाखवा

आमच्या भागात बाळाला जुन्या धुवट लुगड्याची फडकी बांधतात. तपासणीच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे. नुसत्या बोलण्यावर निदान करू नये, म्हणून घरच्यांना सांगून ठेवायचं की शंका आली तर फडकं धुवायच्या आधी आशाताईला दाखवा.

नेहमीच्या शीचं पाणी कापडात मुरतं, पण वर पिवळा, मऊ थर आणि कण्या उरतात. पाण्यासारख्या हगवणीत ओल दूरवर पसरते आणि वर उरायला जवळजवळ काहीच नसतं. कडेला फिकट डाग तेवढा राहतो. रक्ताचे धागे असतील, शेंबडासारखा चिकटा भरपूर असेल किंवा कुजका वास असेल, तर फडक्यावर ते लगेच कळतं.

एकदा दाखवलं की आज्यांना हे फार चांगलं समजतं. माझ्या अनुभवात कोणत्याही तक्त्यापेक्षा दोन फडकी शेजारी ठेवून बघणं जास्त कामाला आलं.

५. वजनकाट्याला विचारायचं

हा धडा गडचिरोलीनं सगळ्या देशाला दिला आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी गावातल्याच बायांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्या बाया बाळाचं वजन करत, श्वास मोजत, अंग गार की गरम ते बघत आणि बाळ कसं ओढतं ते पाहत. त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून साधारण २५ पर्यंत खाली आलं. हे काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरी जातात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवशीही.

या भेटींचं महत्त्व शीच्या प्रश्नात कसं दिसतं, ते एका बाळावरून सांगते. गाव धानोऱ्याच्या पलीकडचं, रस्ता संपल्यावर पायवाटेचं. ग्रामीण रुग्णालयात जन्म, वजन २६०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी आशाताईच्या नोंदीत २४५० ग्रॅम. इतकी घट पहिल्या दिवसांत चालते. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत आम्ही थांबून बघतो, ही तर सहा टक्क्यांच्या आतली होती. सातव्या दिवशी २५५० ग्रॅम. बाराव्या दिवशी निरोप आला, "पोराले हगवण लागली."

आम्ही पोचलो तेव्हा घरात तीन गोष्टी सुरू झाल्या होत्या. बाळाला चमच्यानं भाताची पेज आणि ग्राईप वॉटर दिलं जात होतं. आईला वरण आणि भाजी बंद करून कोरडा भात दिला जात होता, कारण तिच्या खाण्यानं दूध बिघडलं अशी समजूत. आणि दुपारच्या पाजण्या चुकवल्या जात होत्या, पोटाला आराम मिळावा म्हणून. शी दिवसाला दहा वेळा होत होती. हे सगळं करणारी आजी नातवावर जीव टाकणारी होती. हयगय करणारं त्या घरात कोणी नव्हतं.

आशाताईनं फडकं मागितलं. त्यावर पिवळा थर आणि कण्या होत्या. लघवी दिवसातून सात-आठ वेळा, पाण्यासारख्या रंगाची. अंग ना गार ना गरम. छातीला लावल्यावर बाळानं जोरानं ओढलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर गेली. मग झोळीचा काटा टांगला: २७०० ग्रॅम. पाच दिवसांत १५० ग्रॅम, म्हणजे रोज ३० ग्रॅमची वाढ. या वयाच्या बाळानं रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं अशी आमची अपेक्षा असते. दूध पचत नसतं, तर हे वजन आलं कुठून? आशाताईनं आजीला काट्यावरचा आकडा दाखवून नेमकं हेच विचारलं. आजी बराच वेळ काट्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मंग याले भूक लागते म्हनून रडते का?" तसंच होतं. पाजण्या चुकत होत्या.

पेज आणि ग्राईप वॉटर बंद झालं. आईचं वरण, भाजी, जवसाची चटणी पुन्हा सुरू झाली. आई काय खाते यानं दुधातली साखर जवळजवळ बदलत नाही, पण तिचं अंग मात्र उपासानं झिजतं. चौदाव्या दिवशी बाळ २७६० ग्रॅमवर होतं आणि शी तेव्हाही नऊ-दहा वेळाच होत होती. तिला हात लावायची गरजच नव्हती.

६. खरी हगवण बहुधा बाहेरून दिलेल्या घोटातून येते

साध्या शीला रोग समजण्यात धोका हाच असतो. उपाय म्हणून जे पोटात जातं, त्यातून रोग येतो. सहाणेवर उगाळलेली गुटी, बाटलीतलं शेळीचं दूध, साखरेचं पाणी यांत विहिरीचं किंवा बोअरचं न उकळलेलं पाणी असतं, आणि बाटलीचं बूच धुतलं तरी चिकटच राहतं.

दोन मोसमांत हे जास्त दिसतं. एक मे महिना. चंद्रपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि बाळाला पाणी न देण्याचा सल्ला घरच्यांना क्रूर वाटतो. पण दुधातच ८८ टक्के पाणी आहे. बाळ जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा पाजायचं. पाण्याची जास्त गरज आईला असते, तिच्या हाताशी तांब्या भरून ठेवायचा. दुसरा मोसम रोवणीचा. जुलै-ऑगस्टमध्ये आई सकाळी धानाच्या बांधीत जाते, दोन-तीन महिन्यांचं बाळ आजीजवळ राहतं आणि दुपारी बाटली येते. त्या दिवसांतल्या हगवणीकडे मी कधीच साधी शी म्हणून बघितलं नाही. बाळ बांधावर झाडाखाली नेता आलं तर उत्तमच. नाहीतर आईनं हातानं दूध काढून उकळलेल्या वाटीत झाकून ठेवावं आणि आजीनं वाटी-चमच्यानं द्यावं. उन्हाळ्यात ते तीन-चार तासांपलीकडे ठेवू नये.

हगवण खरी असेल तर दूध थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं आणि सोबत क्षारसंजीवनी चमच्याचमच्यानं द्यायची. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला झिंक रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, चौदा दिवस. दोन महिन्यांच्या आतल्या बाळावर घरी प्रयोग नकोतच, लगेच केंद्रात न्यायचं. मोठ्यांची हगवण बंद करायची गोळी बाळाला कधीही नाही. तिनं आतड्याची हालचाल थांबते आणि पोट फुगून बाळ दगावू शकतं.

न थांबता न्यायच्या खुणा: बाळ ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग लुळं पडलं, गार किंवा तापलेलं लागलं, डोळे खोल गेले, चिमटीतली कातडी हळू परतली, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा शीत रक्त. यातली एकही दिसली तर फडकं कसं आहे हे बघत बसायचं नाही.

७. हिरवी, फेसाळ शी

एखादे दिवशी हिरवी शी झाली आणि बाळ मजेत असेल तर सोडून द्यावं. पित्ताचं रंगद्रव्य आतड्यातून घाईनं गेलं तरी रंग हिरवा दिसतो. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळालाही काही दिवस हिरवट, पातळ शी होते.

रोजच हिरवी, फेसाची होत असेल आणि बाळ वायूनं कळवळत असेल, तर मी आईचं पाजणं बघते. पाजायला सुरुवात होते तेव्हा दुधात स्निग्धांश कमी असतो आणि स्तन रिकामा होत जातो तसा तो वाढतो. कामाच्या घाईत आई पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे पाजत असेल, तर बाळाला पातळ, साखरेचं दूधच जास्त मिळतं. ते आतड्यातून भराभर निघतं. बाळानं स्वतःहून सोडेपर्यंत एकच बाजू पाजायची, मग दुसरी द्यायची. बहुतेक वेळा एवढ्यानं फरक पडतो.

८. दीड महिन्यानंतर उलटी तक्रार येते

"आधी सारखं हागे, आता चार दिवस झाले, काईच नाई." साधारण सहाव्या आठवड्यानंतर आतड्याची घाई कमी होते. मग केवळ अंगावर पिणारं बाळ दोन दिवसांनी, पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं शी करतं. केली तेव्हा ती मऊच असली, पोट फुगलेलं नसलं आणि वजन वाढत असलं, तर ती बद्धकोष्ठता नाही. साबणाची वात, विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल, काही नको. मात्र हा नियम दीड महिन्यानंतरचा आहे. दहा दिवसांच्या बाळाला तो लावू नये.

९. पांढऱ्या शीला मुदत असते

पिवळ्या शीबद्दल इतकं निश्चिंत करून झाल्यावर एका रंगाबद्दल मी आशाताईंना बजावते. शी पांढुरकी, राखाडी किंवा चुन्याच्या मातीसारखी फिकट असेल, लघवी गडद पिवळी होऊन फडक्यावर डाग पाडत असेल आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर पित्त आतड्यात पोचत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. पित्तनलिका बंद असण्याचा हा आजार विरळ आहे. बाळ वरून खेळतं-पितं दिसतं, म्हणून तो हुकतो. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश जास्त मिळतं, नंतर यकृत कडक होत जातं.

भामरागड किंवा कोरचीच्या आतल्या गावातून नागपूरला पोचायचं, तपासण्या व्हायच्या, शस्त्रक्रियेची तारीख मिळायची, यात दिवस जातात. नवजात बाळासाठीच्या भेटींपैकी आशाताईची शेवटची ४२ व्या दिवशी असते, म्हणजे हाताशी अठराच दिवस उरतात. म्हणून शीचा रंग मी १४ व्या दिवसापासून प्रत्येक भेटीत डोळ्यांनी बघायला सांगते. फडकं धुऊन वाळत घातलं असेल, तर पुढची शी होईपर्यंत त्या घरी बसायचं.